मुलाखत संपल्यावर, संध्याकाळच्या आत

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या डाळमिलला सुपरवायझर नेमायचा असला, की मुलाखती बहुधा एकाच दिवशी उरकल्या जातात. सकाळी दहाला पहिला उमेदवार आत येतो, दुपारी तीनच्या सुमारास शेवटचा बाहेर पडतो. मधल्या वेळात मालाच्या गाड्या येतात, दलालांचे फोन वाजतात, कुठला तरी बेल्ट तुटतो. मॅनेजर प्रत्येकाच्या अर्जावर कोपऱ्यात दोन शब्द टिपतो: बरा आहे, अनुभव कमी, पगार जास्त मागतो. संध्याकाळी मालक आणि मॅनेजर समोरासमोर बसतात आणि आठ-दहा अर्जांतून दोन बाजूला काढतात.

सकाळची मुलाखत आणि संध्याकाळची ही बैठक यांच्यामध्ये काही तास असतात. त्या तासांत उमेदवार आभाराची एक छोटी चिठ्ठी पाठवू शकतो. तिच्यात मुलाखतीत प्रत्यक्ष बोलल्या गेलेल्या एकाच मुद्द्याचा नेमका उल्लेख असला, तर मॅनेजरने टिपलेल्या दोन शब्दांत एका वाक्याची भर पडते. चिठ्ठीचं काम एवढंच. पण ते होण्यासाठी मुद्दा कोणता निवडायचा, तो कसा मांडायचा आणि कधी पाठवायचा, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. आपल्याकडे अशा चिठ्ठ्या फारशा जात नाहीत. ज्या जातात त्यांतल्या बऱ्याच कुठून तरी उतरवलेल्या असतात आणि वाचणाऱ्याला ते पहिल्याच ओळीत कळतं.

कुठे पाठवायची नाही

पाठवण्याची रीत पाहण्याआधी, जिथे ही चिठ्ठी मुळीच पाठवू नये अशा जागा पाहू. वऱ्हाडात नोकरी म्हटलं की अजूनही अनेक घरांत आधी सरकारी नोकरीच डोळ्यांसमोर येते, म्हणून हे आधी सांगायला हवं. लोकसेवा आयोग, जिल्हा परिषद, महानगरपालिका, सरकारी बँका, कृषी विद्यापीठ यांच्या भरतीत निवड समितीतल्या कोणाशीही परस्पर संपर्क साधायचा नसतो. उमेदवाराने कोणत्याही मार्गाने दबाव आणण्याचा प्रयत्न केल्यास तो अपात्र ठरेल, अशा अर्थाची अट सरकारी जाहिरातींत असते. तुमचा हेतू निव्वळ आभाराचा असला, तरी समितीतल्या माणसाच्या फोनवर उमेदवाराचा संदेश आला की तो माणूस अडचणीत येतो.

अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकपदाच्या मुलाखतीलाही हेच लागू आहे. तिथल्या समितीत विद्यापीठाचे प्रतिनिधी आणि बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ असतात. त्यांचे क्रमांक मिळवून त्यांना लिहिणं म्हणजे नियमाच्या काठावर चालणं आहे. तिथे आभार मानायचे ते खोलीतून उठताना, तोंडी.

चिठ्ठीला खरी जागा आहे ती खाजगी क्षेत्रात. नांदगाव पेठच्या वस्त्रोद्योगातली गिरणी, अकोल्याची डाळमिल किंवा जिनिंग-प्रेसिंग, सातुर्ण्याचा छोटा कारखाना, रुग्णालय, सनदी लेखापालांचं कार्यालय, खाजगी शाळा, बियाणे किंवा खतांची कंपनी, आणि पुण्या-नागपूरच्या कंपन्यांच्या मुलाखती. अशा ठिकाणी नेमणूक करणारा माणूस स्वतःच समोर बसलेला असतो आणि निर्णय त्याच्या मताने होतो.

कॅम्पस मुलाखतींचं थोडं वेगळं आहे. बडनेऱ्याच्या, शेगावच्या किंवा अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कंपनी येते, तेव्हा लेखी परीक्षेचे गुण, तांत्रिक फेरी आणि एचआर फेरी असा हिशेब असतो आणि निकाल कित्येकदा त्याच संध्याकाळी लागतो. मुलाखत घेणाऱ्याचा ईमेल विद्यार्थ्यांकडे नसतो. तो शोधत बसण्यापेक्षा महाविद्यालयाच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे आपली चिठ्ठी द्यावी आणि योग्य वाटल्यास पुढे पाठवण्याची विनंती करावी. ते मध्ये असल्यामुळे भलतं काही जाण्याची शक्यता राहत नाही.

मुद्दा कोणता

मुलाखत वीस मिनिटांची असली, तरी तिच्यातले बहुतेक प्रश्न ठरलेले असतात. स्वतःबद्दल सांगा, शिक्षण कुठे झालं, आधीची नोकरी का सोडली, पगाराची अपेक्षा काय. हे प्रश्न सगळ्यांनाच विचारले जातात, त्यामुळे त्यांतून चिठ्ठीसाठी काही मिळत नाही. चिठ्ठीच्या कामाचा मुद्दा बहुधा तीन ठिकाणी सापडतो.

पहिलं ठिकाण म्हणजे त्यांनी स्वतःहून सांगितलेली अडचण. माणसं टिकत नाहीत, रात्रपाळीला मोजमाप नीट होत नाही, परत येणारा माल वाढलाय, अशी काहीतरी. दुसरं ठिकाण म्हणजे तुमचं अर्धवट राहिलेलं उत्तर, ज्यावर समोरच्याने आणखी एक प्रश्न विचारला आणि तुम्ही अडखळलात. तिसरं म्हणजे त्यांनी तुम्हाला समजावून सांगितलेली गोष्ट, जी पुस्तकात नव्हती. या तिन्हींत एक साम्य आहे. संवाद एका प्रश्नाने आणि एका उत्तराने संपला नाही, पुन्हा एकदा फिरून आला. जिथे बोलणं असं फिरून येतं, तिथे समोरच्या माणसाचंही लक्ष गुंतलेलं असतं आणि संध्याकाळी त्याला तेच आठवण्याची शक्यता जास्त असते.

निवडलेला मुद्दा बरोबर आहे का, हे दोन प्रश्नांनी तपासता येतं. हे वाक्य दुसऱ्या उमेदवाराला लिहिता आलं असतं का? आणि हे मला आदल्या रात्री घरी बसून लिहिता आलं असतं का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर हो आलं, तर तो मुद्दा सोडावा. कंपनीची प्रगती, तिचं नाव, कामाचं चांगलं वातावरण हे सगळं या चाळणीतून खाली पडतं.

मुद्दा एकच घ्यायचा. तीन मुद्दे लिहिले की ती चिठ्ठी राहत नाही, मुलाखतीचा वृत्तांत होतो आणि वाचणाऱ्याच्या मनात त्यातला एकही ठसत नाही.

एक मुलाखत, सविस्तर

आता उदाहरणादाखल एक मुलाखत घेऊ. उमेदवार आहे अमरावतीची, अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतलेली मुलगी. जागा आहे अकोल्याच्या डाळमिलमधल्या उत्पादन सुपरवायझरची. मुलाखतीची वेळ सकाळी सव्वाअकरा.

या मुलाखतीत काय घडलं ते कळण्यासाठी तुरीची डाळ कशी होते, हे थोडं माहीत हवं. तुरीचं टरफल आणि आतली डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. तो सैल झाल्याशिवाय टरफल सुटत नाही. म्हणून तूर आधी चाळून स्वच्छ करतात, खरबरीत रोलरवरून काढून टरफलाला ओरखडे पाडतात, तेल लावून मुरवत ठेवतात, वाळवतात, पाण्याचा हात देतात आणि पुन्हा रोलरवर घेतात. अशा काही फेऱ्यांनंतर डाळ निघते. १०० किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ हाती येते. उरलेल्यात टरफल, भुसा आणि चुरी असते. चुरी म्हणजे तुटलेल्या डाळीचे बारीक तुकडे. ती जनावरांच्या खाद्यात जाते आणि डाळीपेक्षा कितीतरी कमी भावाने विकली जाते. रोज १० टन तूर भरडणाऱ्या मिलमध्ये चुरी फक्त एका टक्क्याने वाढली, तरी दिवसाला १०० किलो डाळ चुरीच्या भावाने जाते. मिलमालकाचं सारं लक्ष याच आकड्यावर असतं.

मुलाखतीत मॅनेजरने विचारलं, पावसाळ्यात चुरी वाढते, तुम्ही काय कराल? मुलीने सांगितलं, ड्रायर वापरू, म्हणजे उन्हावर अवलंबून राहावं लागणार नाही. उत्तर पुस्तकाला धरून होतं. मॅनेजर वऱ्हाडी माणूस. तो म्हणाला, "ड्रायर तं हायेच. पन माल मिसयूनच येते न." मग त्याने दोन वाक्यांत सांगितलं, की एकाच गाडीत चार गावांची तूर असते, एक पोतं खडखडीत वाळलेलं आणि दुसरं दमट. सगळ्याला सारखंच तेल, सारखंच पाणी आणि सारखाच वेळ दिला, तर दमट दाण्याचं टरफल सुटत नाही आणि जास्त वाळलेला दाणा रोलरखाली फुटतो. मुलगी म्हणाली, "हो सर, ते लक्षात आलं नव्हतं." आणि पुढचा प्रश्न आला.

त्या वीस मिनिटांत आणखीही बरंच बोलणं झालं. कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळमिल तिने शिकताना पाहिली होती, त्याबद्दल तिने सांगितलं. पाळ्यांच्या वेळा, राहण्याची सोय, पगार हे विषय निघाले. कधी रुजू होऊ शकाल, असंही विचारलं गेलं. पण बोलणं फिरून आलं ते एकाच जागी, मिसळलेल्या मालाच्या ओलाव्यापाशी. चिठ्ठीचा मुद्दा तोच.

फाटकाबाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं फार मोलाची असतात. ऑटो मिळेपर्यंत तिने मोबाइलमध्ये चार गोष्टी टिपल्या: मॅनेजरचं पूर्ण नाव आणि पद, त्यांनी वापरलेले शब्द म्हणजे चुरी, लॉट, मिसळलेला माल, आपण काय उत्तर दिलं ते, आणि त्यांनी काय सांगितलं ते. हे तेव्हाच टिपलं नाही, तर घरी पोहोचेपर्यंत आपण काय बोललो आणि काय बोलायला हवं होतं, यांची मनात सरमिसळ होते. मग चिठ्ठीत न घडलेलं संभाषण लिहिलं जातं. समोरच्याला ते लगेच खटकतं, कारण तोही तिथेच बसलेला होता.

अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंतचा रेल्वेचा रस्ता सुमारे ८० किलोमीटरचा. वाटेत मूर्तिजापूर लागतं. मजकूर लिहायला एवढा वेळ पुरेसा आहे. नेटवर्क येतं-जातं, म्हणून आधी नोंदवहीत लिहावं आणि पाठवणं बडनेऱ्याला उतरल्यावर करावं.

तीन मसुदे

तिच्या हातून आधी काय लिहिलं गेलं असतं, ते पाहू. पहिला मसुदा बहुतेकांच्या हातून असाच होतो:

"आदरणीय महोदय, आज आपण मला मुलाखतीची अमूल्य संधी दिलीत, याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे. आपल्या नामांकित संस्थेची प्रगती पाहून मी भारावून गेले. मी मेहनती व प्रामाणिक असून मला संधी मिळाल्यास तिचं सोनं करीन. आपल्या सकारात्मक उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे."

यात चूक एकही नाही आणि उपयोगाचंही काही नाही. हेच चार ओळींचं पत्र रुग्णालयाला, शाळेला, कापूस गिरणीला जसंच्या तसं जाऊ शकतं. मुलाखत झाली नसती, तरी ते लिहिता आलं असतं.

दुसऱ्या मसुद्यात उमेदवार दुसऱ्या टोकाला जातो. मुद्दा सापडलेला असतो, म्हणून तो त्यावर निबंध लिहितो. मॉइश्चर मीटर कोणत्या कंपनीचा घ्यावा, सरकारी खरेदीत तुरीला १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो तसा निकष मिलनेही का लावावा, मजुरांचं वेळापत्रक कसं बदलावं, असं दीड पान होतं. वीस वर्षं मिल चालवणाऱ्या माणसाला वीस मिनिटांच्या ओळखीवर दिलेला हा सल्ला असतो. मिलच्या दारात आलेली तूर १२ टक्क्यांच्या वर आहे म्हणून परत पाठवली, तर ती शेजारची मिल घेते, हे मॅनेजरला ठाऊक असतं आणि उमेदवाराला नसतं. ज्या जागेवर आपण अजून बसलेलो नाही, तिथून हुकूम सोडू नयेत.

तिसरा मसुदा, जो पाठवायचा, तो असा:

विषय: आजची मुलाखत (उत्पादन सुपरवायझर), मिसळलेल्या मालाच्या ओलाव्याबद्दल

"नमस्कार सर,

आज सकाळी सव्वाअकराच्या मुलाखतीसाठी आपण वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार.

पावसाळ्यातल्या चुरीबद्दल मी ड्रायरचं उत्तर दिलं होतं. ड्रायर असूनही अडचण राहते, कारण गाडीत वेगवेगळ्या गावांचा माल मिसळून येतो आणि त्याचा ओलावा सारखा नसतो, असं आपण सांगितलंत. या बाजूने मी विचार केला नव्हता. गाडी उतरतानाच लॉटचा ओलावा पाहून कोरडा आणि दमट माल वेगळा मुरवणं कितपत शक्य असतं, हे मला आपल्या मिलमध्ये प्रत्यक्ष शिकायला आवडेल. त्यात जागेच्या आणि मजुरांच्या अडचणी असतील, त्या आपण जाणताच.

मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे मी पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून रुजू होऊ शकते.

आपली नम्र,
(पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)"

मजकूर शंभर शब्दांच्या आत आहे. मोबाइलच्या पडद्यावर एकदा बोट फिरवलं की संपतो. त्यातली प्रत्येक ओळ काहीतरी काम करते. विषयाच्या ओळीत पदाचं नाव आहे, कारण त्याच आठवड्यात मिल हिशेबनीसाच्या मुलाखतीही घेत असेल. सव्वाअकराची वेळ लिहिल्यामुळे दहा चेहऱ्यांतून नेमका एक चेहरा समोर येतो. पुढे तिने आपलं अपुरं उत्तर लपवलेलं नाही आणि त्याबद्दल माफीही मागितलेली नाही. मॅनेजरचं म्हणणं तिने त्याच्याच शब्दांत, पण प्रमाण भाषेत परत सांगितलं आहे. चुरी हा मिलचाच शब्द तिने तसाच ठेवला, त्याच्या जागी "तुटीचे प्रमाण" असं काही आणलं नाही. मात्र मॅनेजरच्या वऱ्हाडी बोलण्याची नक्कलही केली नाही, कारण कागदावर ती थट्टा वाटू शकते.

त्यानंतरचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिने उपाय सांगितला नाही. तिने एका पावलापुढचा प्रश्न मांडला आणि तो शिकायचा आहे, असं म्हटलं. ऐकलेल्या गोष्टीवर हिने नंतर विचार केला, हे मॅनेजरला त्यातून दिसतं. सुपरवायझरच्या कामात नेमकं हेच लागतं, कारण रोलरजवळ काय बिघडलं ते रोज नव्याने ऐकावं लागतं आणि त्यावर विचार करावा लागतो. शेवटची ओळ विचारलेल्या प्रश्नाला धरून आहे. संध्याकाळच्या बैठकीत ही कधी येऊ शकते, हा प्रश्न निघाला तर उत्तर समोर असेल.

वेळ

चिठ्ठी फाटकातूनच, पाच मिनिटांत पाठवू नये. ती आधीच लिहून ठेवली होती, असा संशय येतो, आणि मुद्द्यावर विचार करायला वेळही मिळालेला नसतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबलो, तर बहुधा निवड होऊन गेलेली असते. सकाळची मुलाखत असेल तर दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान चिठ्ठी पोहोचावी. दुपारची असेल तर संध्याकाळी सातपर्यंत. मुलाखतच संध्याकाळी पाच-साडेपाचला झाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडण्याच्या सुमारास पाठवावी. रात्री दहानंतर कोणाचाही फोन वाजवू नये.

मुलाखतीतून उठताना एक प्रश्न अवश्य विचारावा: पुढचं कधीपर्यंत कळेल? त्याच्या उत्तरावरून वेळ ठरवता येते. आज संध्याकाळी ठरवू, असं ते म्हणाले तर घाई करायला हवी. पुढच्या आठवड्यात कळवू म्हणाले, तर त्याच दिवशी पाठवावी, पण एक-दोन तास उशीर झाल्याने बिघडत नाही.

ईमेल की व्हॉट्सअॅप, हा प्रश्न अकोला-अमरावतीत नेहमी येतो, कारण अनेक मिलचा आणि दुकानांचा सगळा कारभार व्हॉट्सअॅपवरच चालतो. नियम साधा ठेवावा. मुलाखतीचं बोलावणं ज्या मार्गाने आलं, त्याच मार्गाने आभार जावेत. बोलावणं व्हॉट्सअॅपवर आलं असेल, तर मजकूर निम्मा करावा, विषयाची ओळ काढून पहिल्याच वाक्यात पद आणि वेळ लिहावी. फुलांची, हात जोडलेली चित्रं आणि सुविचार जोडू नयेत. ओळखीच्या काकांकडून मिळवलेल्या क्रमांकावर तर काहीच पाठवू नये. भाषा मुलाखतीची तीच असावी. मुलाखत इंग्रजीत झाली असेल तर हीच रचना इंग्रजीत लिहावी.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते नावात. वऱ्हाडातल्या कुठल्याही कार्यालयात दोन-तीन देशमुख सर सहज सापडतात. नुसतं "देशमुख सर" असं लिहून चिठ्ठी कार्यालयाच्या सामायिक पत्त्यावर गेली, तर ती भलत्याच टेबलावर पोहोचते. पूर्ण नाव आणि पद लिहावं, आणि नावाची खात्री नसेल तर स्वागतकक्षात विचारून घ्यावं. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा नुसतं पद लिहिलेलं बरं.

समोर तीन जण होते तेव्हा तिघांना एकच मजकूर पाठवणं, ही दुसरी चूक. ते एकाच खोलीत बसतात आणि फोन एकमेकांना दाखवतात. शक्य असेल तर ज्याने मुद्दा मांडला त्याला लिहावं आणि बाकीच्यांनाही आभार कळवावेत, अशी एक ओळ घालावी. तिघांना लिहायचंच असेल, तर प्रत्येकाचा मुद्दा वेगळा हवा, आणि ते सगळ्यांना साधत नाही.

तिसरी चूक म्हणजे चिठ्ठीत काहीतरी मागणं. पगाराचा आकडा पुन्हा काढणं, निकाल विचारणं, घरची परिस्थिती सांगणं. यांतलं काहीही आलं की आभार हे निमित्त ठरतं. घरची परिस्थिती कितीही खरी असली, तरी इथे ती नेमणाऱ्याला कोंडीत पकडते.

चौथी चूक सहज लक्षात येत नाही. मुलाखतीत कधी कधी कारखान्याची आतली गोष्ट बोलली जाते: कोणत्या गिऱ्हाइकाचा माल परत आला, कोण सोडून गेलं. ती गोष्ट लेखी चिठ्ठीत आणू नये, कारण ईमेल पुढे पाठवता येतो. मिसळलेल्या मालाची अडचण अकोल्यातल्या सगळ्याच मिलना ठाऊक आहे, म्हणून ती लिहिता आली. अमुक व्यापाऱ्याचा माल दमट असतो, असं मॅनेजर म्हणाला असता, तर व्यापाऱ्याचं नाव गाळायला हवं होतं.

चिठ्ठी चांगली झाली की नाही, हे उत्तरावरून ठरवू नये. बहुतेक चिठ्ठ्यांना उत्तर येत नाही, किंवा "धन्यवाद" एवढंच येतं. उत्तर आलं नाही म्हणून दुसरी चिठ्ठी पाठवू नये. त्यांनी सांगितलेली तारीख उलटून दोन-तीन दिवस गेले, की एकदा फोन करावा.

किती फरक पडतो

ही रीत अमेरिकेतल्या नोकऱ्यांच्या जगात जास्त रुळलेली आहे. तिथेही तिच्याविषयी एकमत नाही. २०१९मध्ये जेसिका लीबमन या संपादिकेने, आभाराचा ईमेल न पाठवणाऱ्या उमेदवाराला आपण नेमत नाही, असं जाहीरपणे लिहिलं, तेव्हा त्यावर मोठी टीका झाली. हा न सांगितलेला नियम ज्यांना घरात किंवा महाविद्यालयात कोणी शिकवलेलाच नाही, त्यांना त्याची शिक्षा का, असा टीकाकारांचा प्रश्न होता. तो प्रश्न अचलपूरच्या किंवा बाळापूरच्या, घरातून पहिल्यांदाच मुलाखतीला निघालेल्या मुलाच्या बाबतीतही रास्त आहे. म्हणून नेमणाऱ्यांनी चिठ्ठी न आल्याबद्दल गुण कापू नयेत. उमेदवाराने मात्र ती पाठवायला संकोचू नये.

संकोच हा आपल्याकडचा मोठा अडथळा आहे. लाळघोटेपणा वाटेल, साहेबांना आवडणार नाही, असं वाटून मुलं थांबतात. या संकोचाबद्दल अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांचं २०१८मध्ये प्रसिद्ध झालेलं काम सांगण्यासारखं आहे. त्यांनी लोकांना, ज्यांनी आपल्यासाठी काही केलं त्यांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि पत्र वाचून त्या माणसाला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांना प्रत्यक्ष विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना खूप जास्त आनंद झाला होता, आणि लिहिणाऱ्यांनी धरलं होतं तितकं अवघडलेपण त्यांना जाणवलं नव्हतं. ती पत्रं मुलाखतीची नव्हती, त्यामुळे नोकरी मिळण्याशी त्या निष्कर्षाचा संबंध जोडता येत नाही. पण लिहिणाऱ्याला वाटतो तितका संकोच वाचणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, एवढं त्यातून घेता येतं.

चिठ्ठीने बिघडलेली मुलाखत सुधारत नाही. जिथे प्रत्येक उत्तराला गुण देऊन बेरीज केली जाते, तिथे चिठ्ठी पोहोचेपर्यंत बेरीज झालेली असते. तिचा उपयोग होतो तो शेवटी उरलेल्या दोन अर्जांमध्ये, जेव्हा शिक्षण सारखं असतं, पगाराची अपेक्षा सारखी असते आणि मालक मॅनेजरला विचारतो, तुला कोण बरं वाटतं? त्या वेळी मॅनेजरकडे एकीबद्दल सांगायला एक वाक्य असतं: हिला मिसळलेल्या मालाची गोष्ट कळली.

मुलाखतीतून असा मुद्दाच निघाला नाही, तर काय करायचं? मग दोन ओळींचे साधे आभार पुरेत. ओढूनताणून मुद्दा तयार करू नये. पुढच्या वेळी मात्र शेवटी, तुम्हाला काही विचारायचंय का, असं ते म्हणतील तेव्हा पगाराऐवजी एवढं विचारावं: या कामात इथे सगळ्यात जास्त अडतं कुठे? कामावर जीव असलेला माणूस त्याचं उत्तर देतोच. ते उत्तर मध्ये न तोडता, पूर्ण ऐकून घ्यावं. संध्याकाळच्या आत जे लिहायचं असतं, ते बहुतेक वेळा त्याच उत्तरात असतं.